मदत हवी आहे: अव्होकॅडो वरून चांगला, आतून करडा. सालीवरून ओळखता येतं का?

मृण्मयी_कोथरूड: बाजारातून हास अव्होकॅडोची पेटी आणली, आणली तेव्हा हिरवी कडक होती, ओट्यावर ठेवून हळूहळू काळी झाली, अंगठ्याने दाबलं की जराशी दबायची म्हणजे अगदी वेळेवर कापली. पण आत बघा फोटो १, खालच्या जाड भागात गर करडा-तपकिरी आणि त्यात काळपट दोरे, देठाकडे मात्र छान हिरवट पिवळा. फोटो २ त्याच पेटीतला दुसरा, त्यात एका बाजूलाच डाग. फोटो ३ बाबूगोशा, बाहेरून डाग नाही पण बियांभोवती तपकिरी. फोटो ४ किवी, देठाजवळ गर पाणचट, काचेसारखा. लहान मुलीला देते म्हणून काळजी वाटते. हे खायचं का, आणि घेताना कसं ओळखायचं?

खवय्या७: अगं कापल्यावर हवा लागली की काळं पडतंच, सफरचंदाचं होतं तसंच. लिंबू चोळायचं, प्रॉब्लेम संपला.

मृण्मयी_कोथरूड: कापल्या कापल्या लगेच काढलाय फोटो, सुरी अजून बाजूलाच दिसतेय बघा.

फळआडत_वाशी: लिंबाचा उपाय बरोबर आहे पण या फोटोला लागू नाही. हवेने काळं पडतं ते फक्त वरचा पापुद्रा, चमच्याने खरवडा, खाली हिरवं निघालं तर तेच. तुमच्याकडे रंग आत खोलवर गेलाय. फोटो १ मला गारठ्याचं वाटतं, म्हणजे फळ कच्चं असताना फार थंडीत फार दिवस राहिलं. कच्च्या हासला साधारण ५ ते ७ डिग्री ठीक, त्याखाली जास्त दिवस ठेवलं की गर करडा पडतो, बहुतेक वेळा बुडाकडून, आणि दोरे काळे होतात. कच्चं असताना बाहेरून फारसं कळत नाही, पिकवल्यावर उघडं पडतं, म्हणून तुमच्याकडून काही चुकलं असं समजू नका, घरी यायच्या आधीच झालेलं असणार. नुसते फिकट दोरे असतील, रंग स्वच्छ असेल तर तो वेगळा विषय, काही फळं दोरेदार असतातच.

आता सालीचं. गारठ्याने सालीवरही काळे चट्टे येतात पण हास पिकल्यावर सगळाच काळा होतो, मग ते लपतात. म्हणून हिरवा असतानाच बघून घ्या, हिरव्या सालीवर वेडेवाकडे काळे खोलगट चट्टे दिसले की ते फळ बाजूला ठेवा. खरखरीत पुटकुळ्या असतात त्या मात्र हासच्या सालीच्याच, त्यांना घाबरू नका.

माळरान_सातारा: आमच्या दारातल्या झाडाचा अव्होकॅडो पिकला तरी हिरवाच राहतो, काळा होतच नाही. कच्चाच म्हणायचा का?

फळआडत_वाशी: नाही, तो हास नसणार. आपल्याकडचे बटरफ्रूट म्हणून विकतात ते बरेचसे पिकूनही हिरवेच राहतात. तिथे रंग सोडा, तळव्यात धरून हलकं दाबा. बोटाच्या टोकाने दाबू नका, तिथेच मुका मार लागतो आणि नंतर आत डाग पडतो. मृण्मयीताईंचा फोटो २ तसाच असू शकेल, पण त्या जागेवरची साल दिसत नाहीये म्हणून ठाम सांगत नाही. डागाची कड देठापासून सुरू होऊन खाली उतरत असेल तर मात्र ती बुरशीची सड.

खवय्या७: मग देठाचा टोपरा उडवून खाली हिरवं आहे का बघायचं, हे सगळेच करतात ना?

फळआडत_वाशी: दुकानात नका करू. ती जागा उघडी पडली की बुरशीला आत शिरायला वाट मिळते, आणि त्या एवढ्याशा भोकातून बुडाचा करडेपणा दिसणारही नाही.

स्वरा_नाशिक: बाबूगोशाचं मी सांगते. नाशपती आतून बाहेर पिकते, म्हणून कडेने मऊ लागली तोवर गाभा गेलेला असतो. देठालगतच्या मानेपाशी अंगठा लावा, तिथे जरा दबली आणि पोट घट्ट असेल तर खा किंवा फ्रिजमध्ये टाका. फोटो ३ मध्ये तपकिरी भाग ओला, मऊ आहे की कोरडा, पोकळी पडलेली? ओला असेल तर जास्त पिकलीय, कोरड्या पोकळ्या साठवणुकीतल्या असतात.

मृण्मयी_कोथरूड: ओला आहे. मग मुलीला काय देऊ? आणि किवीचं?

फळआडत_वाशी: वास आंबट, दारूसारखा किंवा बुरशी दिसत असेल तर पूर्ण टाका. नुसता करडा असेल आणि वास नसेल तर तो भाग काढून उरलेला चाखून बघा, कडवट लागला तर नको. किवीच्या सालीचा रंग पिकताना बदलत नाही, तिथे फोटोचा उपयोग कमी. सगळीकडून सारखा मऊ असला पाहिजे, एकाच जागी लिबलिबीत नको. काचेसारखा गर म्हणजे फार पिकलंय किंवा थंडीने बिघडलंय, दोन्हींत सारखंच दिसतं. किवी आणि बाबूगोशा एकाच टोपलीत होते का? नाशपतीच्या वायूने किवी फार लवकर मऊ पडते.

मृण्मयी_कोथरूड: हो, एकाच टोपलीत होते. वेगळे करते. पेटीत काही अव्होकॅडो अजून हिरवे आहेत, दिवसाच्या उजेडात सालीचे फोटो काढून टाकते, आणि पिकल्यावर तेच उभे कापून त्यांच्याखाली टाकते.

स्वरा_नाशिक: घरातला पिवळा दिवा बंद करून काढ, पिवळ्या लाइटमध्ये करडा आणि हिरवा कळत नाही. फोटो २ चीही साल असेल तर टाक ना, मला तो मार वाटत नाहीये.