कझिन ब्रदर, गुड नेम आणि 'रिव्हर्ट करा': तुमचे किस्से टाका

निवांत_कट्टेकरी

काल भाची तिच्या ऑफिसातलं सांगत होती. मीटिंगमध्ये ती 'आय हॅव अ डाऊट' म्हणाली, तर पलीकडचा आयरिश मॅनेजर बिचारा सगळा प्लॅन पहिल्यापासून पटवून द्यायला लागला. त्याला वाटलं हिचा भरवसाच बसत नाहीये. हिला फक्त विचारायचं होतं की फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे. त्यावरून आमच्या जुन्या प्रोजेक्टातलं 'रिव्हर्ट'चं रामायण आठवलं.

आम्ही पुण्यात, क्लायंटची टीम अमेरिकेत, काम बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं. आमच्यातल्या एकानं टॅक्सच्या राऊंडिंगमधली चूक काढली, कोड मर्ज झाला. शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता त्यानं तिकिटावर लिहिलं, 'काइंडली चेक द चेंजेस अँड रिव्हर्ट.' म्हणजे बघा आणि कळवा. तिकडे शुक्रवारची सकाळ. तिथल्या मुलीनं चेंजेस बघितले आणि सांगितल्याप्रमाणे रिव्हर्ट केले:

```
git revert -m 1 9f3c2ab
```

वर उत्तर, 'डन!' आमच्या पठ्ठ्यानं ते फोनवर वाचलं आणि तपासून झालं असं समजून पांघरूण ओढलं.

सोमवारी बिलांत जुनीच चूक. आम्ही चक्रावलो, कारण लॉगमध्ये मर्ज तर दिसतोय! नीट बघितल्यावर त्याच्या वरती एक कमिट दिसली, सुरुवातच `Revert "Merge branch...` अशी. मग एकानं घाईघाईत तीच ब्रँच पुन्हा मर्ज करून बघितली. गिट म्हणतं `Already up to date.` त्याच्या हिशोबी ती ब्रँच आधीच आत आलेली, नंतर कुणी ती पुसली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट केलं तेव्हा कोड परत आला.

त्या मुलीचं काय चुकलं? काहीच नाही. तिच्या इंग्रजीत 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्ववत करणे. 'उत्तर द्या' हा अर्थ आपल्या ऑफिसांतला. आपल्या अशा शब्दांनी बाहेरची माणसं कुठे अडखळली, येऊ द्या.

सातारी_तडका

झोपलेल्याचं पुढे काय झालं ते सांगा आधी 😂

निवांत_कट्टेकरी

मॅनेजर झाला. अजूनही 'प्लीज रिव्हर्ट' लिहितो.

लेकुरवाळी

कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्या काकांचा व्हिसा इंटरव्ह्यू, बीकेसीला. अमेरिकेच्या त्या लांबलचक फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, आईवडील सोडून तिकडे तुमचं जवळचं कुणी आहे का? जवळचं म्हणजे नवरा, बायको, मुलं, सख्खी भावंडं, ज्याच्याशी लग्न ठरलंय तो किंवा ती. एजंटनं 'नो' भरलं, ते बरोबरच होतं. पण खिडकीत साहेबानं विचारलं कुठे राहणार, तर काका ऐटीत, 'अॅट माय ब्रदर्स प्लेस.'

साहेबानं स्क्रीनकडे बघितलं. मग काकांकडे. फॉर्मवर तर भाऊ नाही.

'ब्रदर?' 'येस, कझिन ब्रदर.' 'सेम फादर?' 'नो.' 'सेम मदर?' 'नो.' 'देन हाऊ इज ही युअर ब्रदर?'

आता आत्तेभाऊ कसा समजावणार! काका म्हणाले, 'माय फादर्स सिस्टर्स सन, बट लाइक रिअल ब्रदर.' परत 'ब्रदर' आलंच शेवटी. साहेब हसला म्हणून निभावलं, व्हिसा मिळाला. पण दुसरा एखादा असता तर फॉर्ममध्ये लपवाछपवी केली असं धरून बसला असता. तेव्हापासून घरात जो कुणी इंटरव्ह्यूला जातो त्याला मी बजावते, नुसतं 'कझिन' म्हण आणि गप्प बस. शिट्टी झाली, आले.

घाटावरचा

कझिन ब्रदर हे चुकीचं इंग्रजी आहे आणि जगात फक्त भारतीय बोलतात. तसंच प्रीपोन. असा शब्दच अस्तित्वात नाही, आपण पोस्टपोनवरून पाडला.

आजीचा_बटवा

घाटावरचा, अर्धं बरोबर. पोस्टपोनवरून पाडला हे खरं, पण तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत कधीचाच आहे. गंमत म्हणजे 'अलीकडे ओढणे' याच अर्थानं तो 1913 साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातल्या एका पत्रात आलेला आहे. तिकडे रुजला नाही, इकडे रुजला.

आणि कझिन ब्रदर फक्त आपला नाही. ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी जे इंग्रजी बोलतात त्यातही तो आहे. त्यांच्याकडे चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यांतच मोजतात, त्यामुळे नुसत्या 'कझिन'नं त्यांचंही भागत नाही. मी निवृत्त शिक्षिका, इंग्रजीच शिकवलं. मुलांना 'कझिन ब्रदर'वर लाल रेघ मारायचे आणि घरी येऊन फोनवर तेच म्हणायचे.

मावळतीचा_वारा

सख्ख्यांत मोजतात हे ठीक आहे, पण आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं. तिला कझिन सिस्टर म्हटलं तर ब्रिटिश माणूस काय समजेल विचार करा. माझ्या मित्रानं लंडनमध्ये बायकोची ओळख करून देताना सरळ सांगितलं, 'शी इज माय वाइफ, बट बिफोर मॅरेज शी वॉज माय कझिन सिस्टर.' टेबलावर शांतता 😄

सातारी_तडका

आरारारा

आजीचा_बटवा

इंग्लंडमध्येही कझिनशी लग्न कायद्यानं चालतं बरं का. घोटाळा 'सिस्टर'नं केला.

मावळतीचा_वारा

हो ना. मुळात मराठीत तो तिला बहीण म्हणायचाच नाही, 'मामाची पोरगी' म्हणायचा. इंग्रजीत बोलायला लागला की बहीण झाली.

कोकणकन्या_एक्सप्रेस

मला सुद्धा इंग्रजी बोलायची भीती वाटते. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. ऑनलाइन क्लास कुठला चांगला? प्लीज सांगा.

निवांत_कट्टेकरी

कोकणकन्या, इथे क्लासबद्दल नाही चाललंय, पण इंटरव्ह्यू परदेशी कंपनीचा असेल तर 'आय पास्ड आऊट इन 2019' म्हणू नका. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. पास्ड आऊट म्हणजे चक्कर येऊन पडले.

घाटावरचा

हा व्हॉट्सअॅपवरचा विनोद आहे. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड काय चक्कर येऊन होते का?

आजीचा_बटवा

परेडचा शब्द ब्रिटिश लष्कराचाच, आणि तिथे तो आजही चालतो. सैन्यातला किंवा पोलिसातला कॅडेट पास आऊट होतो. बी.कॉम. झालेली मुलगी होत नाही, एवढाच फरक. तसंच 'डू द नीडफुल'चं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रज स्वतः असं लिहीत. त्यांनी सोडलं, आपल्या कचेऱ्यांनी जपलं.

रात्रपाळी

नीडफुलवर माझं ऐका. मी सपोर्टमध्ये आहे, गिऱ्हाईकं अमेरिकन. मेलमध्ये 'काइंडली डू द नीडफुल' दिसलं की तिथली माणसं उघडतच नाहीत, कारण फसवाफसवीच्या मेलांत हेच वाक्य सतत असतं. माझा एक खरा मेल, पासवर्ड रीसेट करून घ्या असा, एका बाईनं थेट त्यांच्या सिक्युरिटी टीमकडे तक्रार म्हणून पाठवला होता. मेलमध्ये तीन गोष्टी होत्या: 'डिअर सर/मॅडम', 'काइंडली', 'नीडफुल'. लिंक अस्सल होती, पत्ता कंपनीचाच होता. पण तिचा संशय भाषेवर.

आता मी काय हवंय ते सरळ लिहितो. 'शुक्रवारपर्यंत पासवर्ड बदला, काही अडलं तर या नंबरवर फोन करा.' उत्तरं लवकर येतात. मात्र आमचे साहेब ड्राफ्ट तपासताना म्हणतात फार रोखठोक वाटतंय, जरा 'काइंडली' घाल. कुणाचं ऐकू?

सातारी_तडका

साहेबाचं. अप्रेझल जवळ आलंय.

लेकुरवाळी

आले परत. गुड नेमवर कुणीच बोललं नाही?

बंगालची_सून

मी बोलते, माझा हक्कच आहे 😊 सासर कोलकात्याचं. तिथे प्रत्येकाला दोन नावं. घरात हाक मारायचं ते डाकनाम, आणि शाळेत, कागदावर असतं ते भालोनाम. भालो म्हणजे चांगलं. त्यामुळे तिथे 'गुड नेम' विचारलं की खरोखरच दुसरं नाव विचारलेलं असतं. माझ्या दिरांना घरात बाबू म्हणतात. कुरिअरवाल्यानं त्यांचं कागदावरचं नाव घेतलं तर मी दारातून सांगितलं असं कुणी इथे राहत नाही. सासूबाई आतून धावत आल्या. तर माझ्या मते गुड नेम बंगालीतूनच आलं.

आजीचा_बटवा

पटण्यासारखं आहे, पण हिंदीत 'शुभ नाम' आहेच, आणि उर्दूत 'इस्मे शरीफ'. तिथे दोन नावांचा प्रश्न नाही, समोरच्याचा मान राखायचा म्हणून नावाआधी गोड शब्द. मला तरी हे जास्त जवळचं वाटतं.

बंगालची_सून

असेलही. पण सासूबाईंसमोर म्हणू नका.

घाटावरचा

मराठीत पाळण्यातलं नाव वेगळं असतंच की. मग आपल्याकडून पण गेलं असेल.

निळी_छत्री

वाचतेय सगळं, हसतेय पण. एक वेगळं लिहू का. बाबा गेले तेव्हा भावानं त्याच्या कॅनडातल्या बॉसला मेल केला, 'माय फादर एक्स्पायर्ड दिस मॉर्निंग.' बॉसचं उत्तर आलं, कुठली कागदपत्रं रिन्यू करायची आहेत, सुट्टी किती लागेल? त्याला वाटलं फादरचा व्हिसा किंवा पासपोर्ट संपला. तिकडे एक्स्पायर होतं ते दूध, लायसन्स. अर्ध्या तासानं त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्याचा फोन आला आणि तो नुसता सॉरी सॉरी म्हणत राहिला. भाऊच त्याला म्हणत होता, इट्स ओके.

लेकुरवाळी

अगं. 🙏

रात्रपाळी

वाईट वाटलं. आमच्याकडे 'पास्ड अवे' लिहायला सांगतात ते यासाठीच.

घाटावरचा

निळी छत्री, काळजी घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी तार केली होती आम्ही, त्यातही 'एक्स्पायर्ड'च. तारेत शब्दावर पैसे पडायचे, एका शब्दात काम व्हायचं. सगळ्यांना कळायचं.

निळी_छत्री

हो, आमच्या घरातही आजोबांची तशीच तार जपून ठेवलीये.

आजीचा_बटवा

'आऊट ऑफ स्टेशन'चं पण तसंच. कंपनी सरकारच्या काळात साहेब लोकांची नेमणूक जिथे असे ते त्यांचं स्टेशन, गाव सोडलं की आऊट ऑफ स्टेशन. आता ऑस्ट्रेलियातल्या नातसुनेला मी हे म्हटलं तर ती विचारते, आजी, ट्रेन चुकली का?

कोकणकन्या_एक्सप्रेस

पास्ड आऊटचं लिहून ठेवलं, थँक्यू. पण मग 'माय नेटिव्ह प्लेस इज रत्नागिरी' चालेल का? बायोडेटात तसंच आहे.

निवांत_कट्टेकरी

'आय अॅम फ्रॉम रत्नागिरी' बस झालं.

सातारी_तडका

आणि त्यांनी गुड नेम विचारलं तर समजा मॅनेजर आपलाच आहे, टेन्शन घेऊ नका.