डिसिजन ट्री: लहान शेड की मोठी? माझं उत्तर मागच्या पानाशी जुळत नाही, मदत हवी आहे

खानापूर_लोकल
नमस्कार सगळ्यांना, एमबीए पहिलं वर्ष, क्वान्टिटेटिव्ह मेथड्सचा पेपर सोमवारी आहे आणि एका गणितावर दोन दिवस डोकं आपटालोय. दहावीपर्यंत माझं सगळं मराठीतनं झालंय, त्यामुळं प्रश्न मराठीतच लिहितो, सांभाळून घ्या.

एका फौंड्रीला वाढ करायची आहे. मोठी शेड आत्ताच बांधली तर खर्च ८० लाख, मागणी जास्त राहिली तर २०० लाख मिळतील, कमी राहिली तर ६० लाख. दुसरा मार्ग म्हणजे लहान शेड, खर्च ३० लाख. मागणी कमी राहिली तर ७० लाख मिळतील. मागणी जास्त निघाली तर वर्षभरानं परत ठरवायचं, आणखी ६५ लाख घालून वाढवायचं (मग १८० लाख मिळणार) नाहीतर आहे तसंच चालवायचं (मग ९० लाख). मागणी जास्त असण्याची शक्यता ०.६, कमीची ०.४.

मोठ्या शेडचं माझं उत्तर ६४ आलं, ते जुळतं. लहान शेडचं मला ५९.५ येतंय म्हणून मी मोठी निवडली, पण मागच्या पानावर लहान शेड आणि ६७ लिहिलंय. छपाईची चूक आहे का माझी?

निपाणीचा_पोरगा
तुझी मेथड बरोबर वाटते, मीपण असंच केलं असतं. वर्षभरानं काय होणार याची प्रोबॅबिलिटी दिली नाही म्हणजे दोन्ही फांद्यांना ०.५, ०.५ धरायचं, दुसरं काय धरणार. आणि मागच्या पानावरची उत्तरं नेहमीच चुकीची असतात, विश्वास ठेवू नको. एक मात्र बघ, ८० आणि ३० शेवटी एकदाच वजा केलेस ना? कारण बरीच पोरं प्रत्येक फांदीवर वजा करतात आणि वर परत शेवटी वजा करतात.

खानापूर_लोकल
हो, एकदाच केलंय. १८० मधनं ६५ वजा केले ११५, मग ११५ आणि ९० ची सरासरी १०२.५, त्याला ०.६ नं गुणलं ६१.५, त्यात ०.४ गुणिले ७० म्हणजे २८ मिळवले, ८९.५ झाले, त्यातनं ३० गेले, उरले ५९.५.

टिळकवाडी_कुंदा
मला हे ट्री वगैरे काही कळत नाही पण प्रश्न माझाच आहे असं वाटलं म्हणून लिहितोय. आमचं कुंद्याचं लहान दुकान आहे, दुसरं दुकान घ्यावं का इथंच मागं खोली वाढवावी हे ठरत नाही. माझं ऐकशील तर लहानच घे बाबा, मोठं घेतलं आणि गिऱ्हाईक नाही आलं तर बँकवाला थांबत नाही. काही गणित करायचं कारणच नाही.

उद्यमबाग_कॉस्टिंग
निपाणीच्या भावा, वजाबाकीचं बरोबर सांगितलंस पण ०.५ चं साफ चुकलं. खानापूरच्या पोरा, छपाई बरोबर आहे, चूक तुझीच आहे पण एकाच जागी आहे, बाकी सगळं नीट केलंयस.

कागदावर बघ, वर्षभरानंतरच्या जागी गोल काढलाय का चौकोन? तिथं चौकोनच असणार. गोल म्हणजे नशिबाची जागा, मागणी जास्त का कमी हे तुझ्या हातात नाही म्हणून तिथं प्रोबॅबिलिटी लावून सरासरी काढायची. चौकोन म्हणजे तुझ्या हातातली जागा. वर्षभरानं मागणी जास्त आहे हे डोळ्यांनी दिसतंय, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला ९० आहेत, तेव्हा मालक नाणं उडवून ठरवणार आहे काय? ११५ च घेणार की. म्हणून ९० ची फांदी तिथंच दोन आडव्या रेघा मारून तोडायची आणि चौकोनावर ११५ लिहायचे.

आता उजवीकडनं डावीकडं परत ये. ०.६ गुणिले ११५ म्हणजे ६९, त्यात २८ मिळव, ९७, त्यातनं ३० गेले, ६७. मोठी शेड ६४ वरच राहते. लहान जिंकली, ३ लाखांनी.

म्हणूनच हे गणित परीक्षेला आवडतं. चौकोनावर सरासरी काढलीस की नुसता आकडा नाही, निर्णयच उलटा होतो. उत्तर तपासायची सोपी खूण सांगतो. चौकोनावर लिहिलेला आकडा त्याच्या उजवीकडच्या कुठल्यातरी एका फांदीवर जसाच्या तसा सापडला पाहिजे. तुझा १०२.५ कुठल्याच फांदीवर नाही, तिथंच शंका यायला हवी होती.

खानापूर_लोकल
अरे देवा, मी तिथं खरंच गोल काढला होता 🤦 म्हणजे नंतर वाढवायची सोय होती म्हणूनच लहान शेड जिंकली का?

उद्यमबाग_कॉस्टिंग
बरोबर पकडलंस. ती सोय काढून टाकून बघ, ०.६ गुणिले ९० म्हणजे ५४, त्यात २८ मिळव, ८२, त्यातनं ३० गेले, ५२. सोय असताना ६७, नसताना ५२, म्हणजे नुसत्या थांबून ठरवण्याची किंमत १५ लाख. ती सोय नसती तर मोठीच घ्यायला लागली असती.

पण ३ लाखांच्या फरकावर उड्या मारू नको. ते ०.६ कुणी काढलं? कुणाच्यातरी अंदाजानं आलेला आकडा असतो तो. ०.६ च्या जागी ०.६५ घालून बघ, मोठी ७१ आणि लहान ६९.२५, मोठी पुढं गेली. दोन्ही बरोबर ०.६३ च्या आसपास समान होतात. आमच्याकडं ऑर्डरीचा अंदाज इतका बारीक कधीच येत नाही. मी सायबासमोर असतो तर ६७ पेक्षा हा ०.६३ च आधी सांगितला असता.

टिळकवाडी_कुंदा
मग मी लहान म्हटलं तेच खरं ना 😄

उद्यमबाग_कॉस्टिंग
दादा, उत्तर तेच पण कारण वेगळं. तुम्ही जे घाबरता ते या ६७ आणि ६४ मध्ये दिसतच नाही. मोठी घेतली आणि मागणी पडली तर ६० वजा ८०, म्हणजे २० लाख खिशातनं जाणार, आणि ते दहातनं चार वेळा. लहानमध्ये मागणी पडली तरी ४० सुटतात. हे असले निर्णय वारंवार घेणाऱ्याला सरासरी चालते, त्याचं एकीकडचं दुसरीकडं भरून निघतं. दुकान एकदाच घेणाऱ्याला ते २० लाखच बघायला लागतात. तुमच्या दुकानाचे आकडे मला माहीत नाहीत, त्यामुळं त्याचं मी काही सांगत नाही.

शहापूर_ताई
मी बीकॉमला शिकवते. गणित बरोबर आहे पण एक खटकतंय. ६५ लाख वर्षानं जाणार आणि ३० आज, दोन्ही एकाच मापानं कसे काय मोजले? शिवाय ते १८० लाख पहिल्या वर्षाची कमाई धरून आहेत का सोडून, हे प्रश्नात कुठं आहे? धरून नसतील तर लहान शेड आणखी पुढं जाईल.

उद्यमबाग_कॉस्टिंग
ताई, व्याजदर दिलाच नाही तर पोरानं आपल्या मनानं लावू नये असं माझं मत. १८० बद्दलची शंका मात्र रास्त आहे, मी तर धरून आहेत असंच समजून चाललो होतो.

शहापूर_ताई
मी तरी उत्तराच्या वर एक ओळ गृहीतक म्हणून लिहायला सांगते. तपासणारा त्याला मार्क देईल का नाही ते सांगता येत नाही.

खानापूर_लोकल
गृहीतकाची ओळ लिहितो. चौकोन काढून परत सोडवलं, ६७ आलं. आता पुढचंच गणित उघडलंय, त्यात शेड बांधायच्या आधी ४ लाखांचा मार्केट सर्व्हे करायचा का असं विचारलंय. ते ४ लाख सगळ्या फांद्यांतनं जाणार का फक्त सर्व्हे केलेल्या?

निपाणीचा_पोरगा
फक्त सर्व्हेवाल्या, हे मात्र मला नक्की माहितेय. सर्व्हे न करण्याची फांदी जुनीच, ६७ वर. पण सर्व्हे झाल्यावर ०.६ तसाच ठेवू नको, "चांगला रिपोर्ट आला तर" म्हणून नवे आकडे दिले असतील, ते शोध.

खानापूर_लोकल
दिलेत पण उलटे दिलेत, मागणी जास्त असेल तर रिपोर्ट चांगला येण्याची शक्यता ०.८ असं. हे कसं फिरवायचं?