मदत हवी आहे: २ किलो ५० ग्रॅम म्हणजे अडीच किलो?

मुलगी सहावीत आहे. गुणाकार-भागाकार चोख, पण ‘२ किलो ५० ग्रॅम कांदे’ आले की बिनधास्त २.५ किलो लिहिते. ४० रुपये किलोने तिचं बिल १०० रुपये होतं, व्हायला हवेत ८२.

काल भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर २.०५० दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. किलोत १००० ग्रॅम, म्हणून दशांश चिन्हापुढे तीन घरं भरायची. वाटलं, सुटला प्रश्न. तर आज ब्लाउजपीसच्या गणितात १ मीटर ५ सेंटीमीटरचे तिने १.००५ मीटर केले! मीटरला सेंटीमीटर १००च, म्हणजे दोन घरं, १.०५. (तीन घरांचा नियम मीच डोक्यात भरवला, बोलणार कुणाला?) आणि दुधाला पुन्हा तीनच: १ लिटर ७५ मिली म्हणजे १.०७५.

शिक्षक मंडळी, घरं मोजायला न लावता आधी ५/१०० मीटर, ७५/१००० लिटर असे अपूर्णांक लिहून घेऊ का? की सगळं लहान एककात करून शेवटी भागायला सांगू? वर्गात मुलांच्या लक्षात काय राहतं? लांबी, वजन, धारकता मुद्दाम मिसळलेली घरगुती उदाहरणं असतील तर तीही द्या.