शब्दचर्चा: 'हाडांची झीज' म्हणावं का?

अरुंधती: हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा एक वैद्यकीय अहवाल मराठीत करतेय. ६४ वर्षांच्या बाई आहेत. टी-स्कोअर खुब्याला उणे २.६, कण्याला उणे १.१. 'हाडांची २.६ टक्के झीज' लिहिलं तर चालेल?

दिगंबर: झीजच म्हणतात सगळे. माझे गुडघे वर्षानुवर्षं कटकट वाजतात, डॉक्टरांनी झीजच सांगितली.

सुनंदा: दिगंबरकाका, तुमची झीज सांध्यातल्या कूर्चेची. इथे हाड घासलं जात नाहीये. जिवंत हाडात काही पेशी जुना भाग पोखरतात, दोनतीन आठवड्यांत खड्डा होतो. मग दुसऱ्या पेशी तो भरतात, त्याला तीनचार महिने लागतात. हे जन्मभर चालूच असतं. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, एकाच वेळी जास्त खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा थोडा अपुरा भरला जातो. आतली जाळी त्यामुळे पातळ होते, मग तुटते. तुटलेली काडी पुन्हा जोडली जात नाही.

निखिल: म्हणजे कॅल्शियम कमी पडतं, एवढंच ना?

सुनंदा: कॅल्शियम हवंच, पण पोखरणं वाढलेलं असताना नुसत्या गोळ्यांनी हिशेब जुळत नाही.

अरुंधती: आणि टक्क्यांचं?

सुनंदा: टक्के नकोच! तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासून किती 'प्रमाण विचलनं' खाली, ते हा आकडा सांगतो; विचलन म्हणजे त्या स्त्रियांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. समजा सरासरी दर चौरस सेंटिमीटरला ०.८५ ग्रॅम आणि एक विचलन ०.१२. उणे २.६ म्हणजे ०.३१ ग्रॅमची घट, उरले ०.५४. तुमचे २.६ टक्के इथे छत्तीसच्या घरात गेले.

निखिल: बापरे. पण उणे २.५ च्या खाली म्हणजे हाड मोडणारच?

सुनंदा: नाही. ती निदानासाठी ठरवलेली रेघ आहे. उणे २.४ वाल्यांचीही हाडं मोडतात, त्यांची संख्या जास्त असल्याने एकूण मोडींतला मोठा वाटा त्यांचाच असतो. वय, आधीची मोड, स्टेरॉइडं, पडण्याची शक्यता, हेही धरावं लागतं.

अरुंधती: कणा मग बरा आहे म्हणायचं?

सुनंदा: मला त्या उणे १.१ चाच भरवसा वाटत नाही. या वयात मणक्यांना हाडाचे काटे फुटतात, कधी मणका दबून चपटा होतो. यंत्र ते सगळं हाडातच मोजतं आणि आकडा फुगतो. शेजारच्या मणक्यांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर संशय घ्यावा. निदान मात्र खुब्याच्या कमी आकड्यावरच होईल, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

दिगंबर: मग झीज नाही तर काय, 'ठिसूळपणा'?

अरुंधती: ठिसूळपणा तर यंत्र मोजतच नाही, फक्त घनता मोजतं. 'हाडं विरळ होणं' कसं वाटतं?

निखिल: विरळ तर केस होतात.

सुनंदा: मला चालेल. तोवर आकडा 'टी-स्कोअर उणे २.६' असाच ठेवा, टक्का लावू नका.