अनुभव धागा: मोकळ्या टिपण्यांचा सारांश आणि थोड्यांचं मोठं झालेलं म्हणणं

तापीकाठ

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने केळी बागायतदारांकडून फॉर्म भरून घेतले. एकूण 310. शेवटचा प्रश्न मोकळा होता: ‘पुढच्या हंगामात कंपनीने काय करावं?’ त्या टिपण्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे आणि संचालकांना दोन पानी सारांश हवाय. ऑफिसातल्या एका तरतरीत मुलाने कच्चा सारांश करून दिला. त्याची पहिली ओळ: ‘शेतकऱ्यांची प्रमुख मागणी शीतगृहाची आहे.’ त्याने टाइप केलेल्या फाइलमध्ये Ctrl+F मारून ‘शीतगृह’ 41 वेळा मोजलं. भावाबद्दल त्यापेक्षा कमी सापडलं म्हणे. माझा विश्वास बसत नाही. केळीवाला माणूस तोंड उघडतो तेच भावावर.

असली कामं तुम्हीही केली असतील. अनुभव लिहा. शाळा, दवाखाना, बचत गट, काहीही चालेल.

देवपूरकर काकू

मी नोकरीभर धुळ्यात पाहण्यांचे फॉर्म तपासले. आधी एक विचारते: 41 वेळा शब्द आला, पण माणसं किती? आमच्याकडे एक आबा होते, प्रत्येक फॉर्मच्या मागच्या कोऱ्या पानावरही लिहायचे. एकट्याचाच मजकूर इतरांच्या वीस फॉर्मांएवढा. शब्द मोजले की असे आबा जिंकतात.

एका फॉर्मला एकच ओळ ठेवा. विषय आडवे, म्हणजे शीतगृह, भाव, मजूर, रोग असे कॉलम. त्या माणसाने तो विषय काढला असेल तर 1. मग तो एकदा म्हणो की नऊ वेळा. एकाच माणसाचे तीन विषय असतील तर तिन्ही कॉलमांत 1 पडेल, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाईल. ते सारांशात आधीच लिहून टाका, नाहीतर बैठकीत कोणीतरी बेरीज चुकली म्हणून उभं राहतं.

आणि भाव शोधताना नुसता ‘भाव’ टाकू नका. ‘पाण्याचा अभाव’, ‘करप्याचा प्रादुर्भाव’ हे पण त्यात येतं. उलट रेट, बोर्ड, पट्टी असं लिहिणारे निसटतात. टिपण्या वाचाव्याच लागतात, त्याला इलाज नाही.

केळीवाला भो

सर्व्हेचंच निघालं म्हणून विचारतो. वादळात माझी बाग आडवी झाली, सर्व्हे करून गेले, फोटो काढले, अजून विम्याचा पत्ता नाही. आमच्या टिपण्या कोण वाचतं?

तापीकाठ

भाऊ, तुमचा तो पंचनामा. इथे कागदावर मत विचारलं त्याबद्दल बोलणं चाललंय. विम्याचं कृषी सहायकांना विचारा, कळवल्याची पावती असेल तर सोबत न्या.

शिरपूरची मास्तरीण

मी पालकांच्या अभिप्रायांचं करते. माझा साधा नियम: पाच टक्क्यांच्या खालचं सगळं ‘इतर’मध्ये टाकायचं. म्हणजे दोन-चार जणांची कुरकुर मोठी दिसत नाही.

देवपूरकर काकू

ताई, निम्मं पटतं. मुख्य मुद्द्यांच्या यादीत ते नको, हे बरोबर. पण ‘इतर’ म्हणजे आपल्याकडे अडगळीची खोली. दोन पालकांनी लिहिलं की स्वच्छतागृहाला कडी नाही, तर ते दोन जणच आहेत म्हणून सोडणार का? त्याला संख्या लागत नाही, जाऊन बघावं लागतं. मी अशा गोष्टींचा वेगळा अर्धा कागद करायची, ‘लगेच तपासा’ म्हणून. त्यावर टक्के नाहीत. किती लोकांचं म्हणणं आहे हा एक प्रश्न, ते किती गंभीर आहे हा दुसरा.

तापीकाठ

काकूंच्या सांगण्यावरून ओळीनं वाचून काढलं. 310 फॉर्मांपैकी 214 मध्ये काहीतरी लिहिलेलं आहे. त्यातले 38 म्हणजे ‘निरंक’, ‘काही नाही’, ‘ठीक’. एकाने नुसती आडवी रेघ मारलीय. COUNTA लावला तर ही रेघसुद्धा मोजली जाते, म्हणून खरी टिपणी आहे की नाही याचा C हा वेगळा कॉलम केला. उरले 176. शीतगृहाचा कॉलम D धरला तर सूत्र असं:

```
=SUM(D2:D311)/COUNTIF(C2:C311,1)
```

शीतगृह: 41 उल्लेख, पण माणसं 19. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या 11 टक्के.

भाव: 71 जण, 40 टक्के.

पुढची गंमत बघा. शीतगृहवाल्या 19 पैकी 13 एकाच गावचे. मजकूर शब्दशः सारखा, ‘सुसज्ज’चा उकार चुकलाय तोही तेराही फॉर्मांत त्याच जागी. कोणीतरी मोबाइलवर मजकूर फिरवला असणार. आता हे 13 धरायचे की 1?

निंबोऱ्याचा भाचा

एकच धरा. उतरवून काढलेल्या पेपराला मार्क देतात का?

देवपूरकर काकू

नाही हो. तेरा माणसांनी तो मजकूर आपल्या नावाने दिला, म्हणजे त्यांना तो नापसंत नव्हता. निवेदनावर तेरा सह्या असल्या की आपण एक सही म्हणतो का? फक्त हे तेरा वेगवेगळ्या घरांत बसून स्वतःहून सुचलेलं नाही, एवढं वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मी असं लिहीन: ‘टिपणी लिहिणाऱ्या 176 जणांपैकी 19 जणांनी शीतगृह मागितलं. त्यातले 13 एकाच गावचे असून त्यांचा मजकूर सारखा आहे.’ वजन काय द्यायचं ते संचालक ठरवतील.

निंबोऱ्याचा भाचा

संचालक त्या गावचाच असला मग?

धडगाव पायवाट

काकूंच्या मुद्द्याला आमच्याकडची जोड देतो. मी अक्राणी-अक्कलकुवा भागात पाड्यांवर काम केलंय. तिथे लोक पावरीत, भिलीत बोलतात आणि कार्यकर्ता मराठीत लिहून घेतो. एकदा ‘रस्ता’ हा विषय सगळ्यांत वर आला. रस्त्याची अडचण खरीच आहे, पावसाळ्यात तर विचारू नका. पण विषय लिहून घेणाऱ्याच्या नावाप्रमाणे फोडून पाहिला, तर एका मुलाच्या जवळपास प्रत्येक फॉर्मवर रस्ता आणि शेजारच्या पाड्यांवर फिरणाऱ्या बाईंच्या फॉर्मांवर पाणी आणि रेशन. त्याला विचारलं तर तो म्हणाला, लोक गप्प बसायचे, मग मीच विचारायचो, ‘रस्त्यासारखं काही?’ झालं!

तेव्हापासून फॉर्म कोणी लिहून घेतला याचाही कॉलम असतो. विषय गावानुसार आणि लिहिणाऱ्यानुसार असा दोनदा फोडून बघतो. एकाच कप्प्यात साचलेला दिसला की आधी त्या कप्प्याची चौकशी.

पण रस्त्याचं मी काय करायला हवं होतं ते आजही मला ठरवता येत नाही. अहवालात तळटीप देऊन आकडा ठेवला. आमचे एक सहकारी म्हणत होते, ते फॉर्म बादच करा.

तापीकाठ

भावाचा ढीग उघडला तर आत दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. 52 जण म्हणतात, बोर्डावर जाहीर होतो त्यापेक्षा कमी भाव हातात पडतो. 24 जण म्हणतात, पट्टीचे पैसे उशिरा मिळतात. 5 जण दोन्ही म्हणतात, म्हणून 71. एकाची ओळ जशीच्या तशी: ‘बोर्डाचा भाव येगळा, हातात पडतो तो येगळा, अन् तोबी कधी पडंल त्याचा नेम नाही.’

कच्च्या सारांशात हे सगळं ‘भाववाढीची मागणी’ म्हणून गेलं होतं. भाव वाढवून द्या असं लिहिणारे मला फार थोडे सापडले. भाववाढ कंपनीच्या हातात नाही म्हणून संचालकांनी ते पान उलटलं असतं. पट्टीची मुदत मात्र त्यांच्या हातात आहे.

सातपुड्याची सून

मी महिलांच्या टिपण्यांकडे बघते नेहमी. तापीकाठ, तुमच्या 176 मध्ये बाया किती?

तापीकाठ

11. त्यातल्या 6 जणींनी लिहिलंय की प्रशिक्षण सकाळी ठेवता, तेव्हा आम्ही बागेत किंवा चुलीपुढे असतो.

सातपुड्याची सून

मग ‘55 टक्के महिलांना वेळ गैरसोयीची’ असं छापू नका. उद्या एखादी इकडची तिकडे झाली की टक्का नऊने हलतो. ‘11 पैकी 6’ एवढंच लिहा. मी तिसाच्या खाली टक्के लावतच नाही. हा काही शास्त्रातला आकडा नाही, माझी सवय आहे.

पण वगळूही नका. लिहिणाऱ्या 176 जणांत बाया इतक्या कमी का, तेही त्याच ओळीत लिहा. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून फॉर्म त्याच्याकडे गेला, असंच असणार. आणि गावाचं नाव काढून टाका. एखाद्या गावातून एकाच बाईने लिहिलं असेल, तर ‘अमुक गावच्या महिला शेतकरी’ म्हटल्यावर कोण ते शेंबडं पोरही सांगेल.

शिरपूरची मास्तरीण

‘काही’, ‘बरेच’, ‘बहुतेक’ या शब्दांचं काय करता? आमच्याकडे मुख्याध्यापक आकडे वाचत नाहीत, शब्दच वाचतात.

सातपुड्याची सून

मोजायच्या आधी ठरवून ठेवते. अर्ध्याच्या वर असेल तरच ‘बहुतेक’. पाव ते अर्धं ‘बरेच’. त्याखाली ‘काही’. पाच-सहा माणसं असली तर शब्दच नाही, सरळ आकडा. मोजून झाल्यावर शब्द शोधायला बसलं की आपल्याला आवडलेल्या मुद्द्याला आपसूक ‘बरेच’ मिळतं.

देवपूरकर काकू

जागेचंही तेच. शीतगृहाचे तीन चटकदार उतारे आणि भावाचा एक, असं छापलं तर आकडा खाली 11 टक्के असला तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात शीतगृहच राहतं. त्या दीड पानी आबांचे उतारे फार मोहात पाडतात, कारण त्यांना लिहिता येतं.

निंबोऱ्याचा भाचा

एक कळलं नाही. 40 टक्के भाव म्हणाले, म्हणजे 60 टक्क्यांना भावाची अडचण नाही असंच ना?

देवपूरकर काकू

तसं मुळीच नाही. मोकळ्या प्रश्नात माणूस त्या वेळी मनात असेल ते लिहितो. ज्याने मजूर मिळत नाही असं लिहिलं, त्याला भाव कदाचित आणखी जास्त टोचत असेल, फक्त ते लिहिलं नाही. आणि 134 जणांनी तर मुद्द्याचं काहीच लिहिलं नाही, ते समाधानी आहेत की कंटाळले हे या कागदावरून कळणार नाही. म्हणून ‘40 टक्के शेतकऱ्यांना भावाची अडचण’ असंही नको. ‘टिपणी लिहिणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांनी भावाचा विषय काढला’ असं लिहा. किती जणांना अडचण आहे हे हवं असेल तर पुढच्या फॉर्मात हो-नाहीचा प्रश्न घाला आणि तो सगळ्यांना विचारा.

केळीवाला भो

विम्याचा प्रश्नही घाला त्यात.

तापीकाठ

घालतो, भाऊ. आता विषयांचे कॉलम दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा भरून घ्यायचेत, म्हणजे आम्हा दोघांचं कुठे जुळत नाही ते कळेल. तो तरतरीत मुलगा तयार आहे, पण त्याला माझे आकडे माहीत आहेत. रावेर-सावद्याकडचा कोणी असेल तर सांगा. पन्नास फॉर्म करून दिले तरी पुरे. गावांची नावं खोडून पाठवतो.