मदत हवी आहे: वारली चौकावरच्या शोधनिबंधाचा सारांश

मी नागपूरला एम.ए.ला आहे. डहाणूकडच्या वारली पाड्यांत राहून, लग्नात भिंतीवर लिहितात त्या चौक नावाच्या चित्रावर केलेल्या कामाचा निबंध लिहिलाय, पण सारांश अडलाय. अट अशी की एकच परिच्छेद, १५० शब्दांच्या आत, संदर्भ नकोत. आधीच्या मसुद्यात अर्धी जागा वारली समाजाच्या ओळखीतच गेली, म्हणून मार्गदर्शकांनी परत पाठवला. आताचा असा आहे:

"लग्नातला चौक भिंतीवरून विक्रीच्या कागदावर येताना त्याच्या मांडणीत काय बदलते? दोन पाड्यांतील लग्नघरांत सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहिताना निरीक्षण केले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्याच पाड्यांतील विक्रीच्या चित्रांशी तुलना केली. भिंतीवर आधी चौकट आणि मग आत पालघट देवी हा क्रम टिकून आहे. कागदावर बहुधा चौकट आणि देवी दोन्ही गळतात आणि तारपा नाच मध्यभागी येतो."

मार्गदर्शकांचं म्हणणं, शेवटी 'बाजारामुळे विधी लोपतो आहे' हा निष्कर्ष हवा. मला ते पटत नाही. लग्नात चौक अजून लिहिला जातोच, आणि विकणाऱ्यांना देवी का वगळली हे मी विचारलेलंच नाही. फरक दिसला, कारण नाही. आता पुन्हा डहाणूला जाणं शक्य नाही, सादरीकरण जवळ आलंय.

लोककलेवर निबंध तपासलेल्यांनी सांगावं: कारण न देता नुसता दिसलेला फरक निष्कर्ष म्हणून चालतो का? आणि फक्त दोनच पाडे पाहिले ही मर्यादा सारांशातच सांगावी, की आतल्या पद्धतीच्या भागात पुरे?