धडक जूनमध्ये, मृत्यू जुलैत: ड्रायव्हरला शिक्षा जुन्या कायद्यानं का?

निपाणीचा_पुतण्या
माझे काका जून 2024 च्या शेवटच्या आठवड्यात निपाणीजवळ हायवेवर बाईकवरनं येत होते, मागनं पिकअपनं उडवलं. तिथनं कोल्हापूरला नेलं, आयसीयूत होते, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. एफआयआर जूनमधली. नंतर पोलिसांनी त्यात जुन्या आयपीसीचं, निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं 304अ वाढवलं, म्हणजे जास्तीत जास्त दोन वर्षं. 1 जुलैपासून भारतीय न्याय संहितेत ह्याच गुन्ह्याला पाच वर्षं आहेत. माणूस गेला तोच नवा कायदा आल्यावर, मग जुनं कलम कशाला? माझं मत, पाच वर्षंवालंच लागलं पाहिजे. तुमचं काय?

संकेश्वरचे_गुरुजी
बाळ, तुझं दुःख समजतंय. माझं मत तुझ्याच बाजूचं आहे. 304अ हे कलम मृत्यूचंच आहे ना? मग मृत्यू झाल्याशिवाय तो गुन्हा होतच नाही. जूनमध्ये तुझे काका जिवंत होते, त्या दिवशी ड्रायव्हरवर लागणार काय तर बेदरकार गाडी चालवणं आणि गंभीर दुखापत. मृत्यूचा गुन्हा पुरा झाला जुलैत आणि जुलैत देशात कायदा कुठला होता, नवा. सरळ हिशोब आहे.

कोर्टातली_ताई
गुरुजी, हिशोब सरळ वाटतोय पण घटनेचं कलम 20(1) वाचलं की अडतो. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, जे कृत्य केलं त्या वेळी लागू असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच दोषी धरता येतं. दुसरी, त्या वेळच्या कायद्यानं जेवढी शिक्षा देता आली असती त्याच्यापेक्षा जास्त देता येत नाही. दोन्हीकडं माप लावलंय ते कृत्याच्या वेळेला, त्याच्या परिणामाच्या वेळेला नाही. ड्रायव्हरचं कृत्य म्हणजे ती गाडी तशी चालवणं, आणि ते जूनमध्ये झालं. त्यानंतर आयसीयूत जे झालं त्यात त्यानं नवीन काही केलेलं नाही. पुतण्याच्या केसमध्ये पहिला भाग अडचणीचा नाहीच, कारण निष्काळजीपणानं जीव घेणं जूनमध्येही गुन्हाच होता. प्रश्न सगळा दुसऱ्या भागाचा आहे, दोनाचे पाच करता येतात का. माझ्या मते येत नाहीत.

निपाणीचा_पुतण्या
ताई, पण ड्रायव्हरनं काय कायद्याचं पुस्तक उघडून, दोनच वर्षं आहेत म्हणून स्पीड वाढवला होता का? त्याला दोन काय आणि पाच काय, माहीतच नव्हतं. मग त्याच्यावर अन्याय कसला होतोय?

कोर्टातली_ताई
त्यानं पुस्तक वाचलं होतं का नव्हतं ह्यावर नियम उभाच नाही. नियम सरकारच्या हाताला बांधलेला आहे. घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा नंतर वाढवता येते असं एकदा मान्य केलं तर उद्या ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी मागनं कायदा करता येतो. आणि दुसरं बघा. समजा त्याच दिवशी, त्याच पिकअपनं दोन माणसं उडवली. एक रात्रीच गेला, दुसरा बारा दिवसांनी. तुमच्या म्हणण्याप्रमाणं एकाच धडकेला एका मृत्यूसाठी कमाल दोन वर्षं आणि दुसऱ्यासाठी पाच. डॉक्टरांनी पेशंटला जास्त दिवस जगवलं म्हणून आरोपीची शिक्षा वाढली, हे कुठल्या न्यायात बसतं?

संकेश्वरचे_गुरुजी
हे पटत नाही मला. परिणामावर शिक्षा ठरणं कायद्याला नवीन नाहीच. तोच ड्रायव्हर, तीच धडक, माणूस वाचला तर गंभीर दुखापतीचं 338, गेला तर 304अ. तिथं आपण म्हणत नाही की डॉक्टर चांगला मिळाला म्हणून आरोपी सुटला.

कोर्टातली_ताई
मुद्दा बरोबर आहे गुरुजी, परिणामावरनं गुन्हा कुठला ते ठरतं. पण त्या गुन्ह्याची कमाल मर्यादा कुठल्या तारखेच्या कायद्यातनं घ्यायची हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 20(1) नं देऊन ठेवलंय.

चिक्कोडी_बॉय
एक पॉइंट कुणीच बोलेना. धडक कर्नाटकात, मृत्यू महाराष्ट्रात. क्रिमिनल प्रोसिजरमध्ये कलम 179 होतं, कृत्य जिथं झालं किंवा परिणाम जिथं झाला, दोन्हीकडची कोर्टं केस चालवू शकतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तेच 199 ला आहे. म्हणजे परिणामाची जागा कायदा मानतो. जागा मानतो तर तारीख पण मानलीच पाहिजे की. शिवाय पूर्वलक्षी कायदा आपल्याकडं चालतच नाही असं म्हणायलेत ते चूक आहे, प्रोसिजर नवीच लागते.

कोर्टातली_ताई
अर्धं बरोबर आहे तुमचं. 179 आहे, आणि आपल्या भागात ते रोजचं आहे, निपाणी-चिक्कोडीचे पेशंट कोल्हापूरला जातात, तिथं गेले तर तिथले पोलीस पंचनामा करून कागद इकडं पाठवतात. पण ते कलम फक्त कुठल्या कोर्टानं ऐकायचं एवढ्यापुरतं आहे, साक्षीदारांची आणि पोलिसांची सोय म्हणून. शिक्षा किती ह्याच्याशी त्याचा संबंध नाही.

प्रोसिजरचं म्हणाल तर आरोपीला अमुकच पद्धतीनं खटला चालावा असा हक्क नसतो, ते खरं. पण ह्या केसमध्ये तेही जुनंच लागेल, कारण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 531 मध्ये लिहिलंय की 1 जुलैच्या आधी सुरू असलेला तपास जुन्या पद्धतीनंच पुढं चालवायचा. इथं एफआयआर जूनची आहे, तपास जूनमध्येच सुरू झालाय. एफआयआर जुलैत झाली असती तर तपास नव्या पद्धतीनं, गुन्ह्याचं कलम मात्र जुनं, अशी जोडी झाली असती. तशा केसेस सध्या बघायला मिळतात आणि लोक त्यातच गोंधळतात, चार्जशीटवर एकीकडं आयपीसी आणि दुसरीकडं नवी नागरिक सुरक्षा संहिता बघून पोलिसांनी चूक केली असं वाटतं.

बोरगावचा_तंबाखूवाला
ह्याच विषयावर माझं पण विचारायचं होतं. आमच्या गावात घरपट्टी वाढवली आणि मागच्या तीन सालाचा फरक पण भरा म्हणायलेत. हे मागनं लावणं ह्या 20 नंबरच्या कलमात बसत नाही ना? मग नोटीस रद्द होईल का?

कोर्टातली_ताई
दादा, 20(1) फक्त गुन्हा आणि त्याच्या शिक्षेपुरतं आहे. कर मागच्या तारखेपासून लावायला त्यानं अडत नाही. व्होडाफोनच्या वेळी केंद्रानं 2012 साली मागच्या व्यवहारांवर कर बसेल असा कायदा केलाच होता, 2021 मध्ये स्वतःच मागं घेतला, घटनेच्या ह्या कलमामुळं नाही. तुमच्या नोटिशीत फरक कुठल्या नियमाखाली मागितलाय आणि तो मागचा मागायचा अधिकार त्यांना दिलाय का, ते बघावं लागेल. नोटीस घेऊन इथल्याच एखाद्या वकिलाकडं जा, मुदत जाऊ देऊ नका.

खानापूरची_लेक
मी पुतण्याच्या बाजूनं आहे आणि का ते सांगते. हुंडाबळीचं 304बी हे कलम 19 नोव्हेंबर 1986 ला आलं. गुजरातमधली एक मुलगी 13 ऑगस्ट 1986 ला गेली, तीन महिने आधी. तिचे वडील हे कलम लावा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1991 साली कोर्टानं सांगितलं, लागणार नाही, मृत्यूच्या दिवशी कलम नव्हतं. सोनी देवराजभाई म्हणून केस आहे ती. त्या बापाला काय वाटलं असेल? सून जाळणं ऑगस्टमध्ये पण पापच होतं की. दरवेळी तारखेचा फायदा मारणाऱ्यालाच का मिळतो?

कोर्टातली_ताई
तुमची चीड मला कळते, ह्या केसेस मीही चालवल्यात. पण त्या निकालात कोर्टानं काय म्हटलं ते बघा, 304बी हा नवा गुन्हा आहे, स्वतःची वेगळी आणि जास्त शिक्षा घेऊन आलेला, म्हणून मागं जात नाही. जुनी कलमं तशीच होती.

आणि तारखेचा फायदा मिळतो तो एकाच दिशेनं. शिक्षा सौम्य करणारा कायदा नंतर आला तर तो आरोपीला देता येतो. पंजाबच्या रतनलालच्या केसमध्ये सोळा वर्षांच्या मुलाला मे 1962 मध्ये शिक्षा झाली, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचा कायदा त्या जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये लागू झाला, तरी सुप्रीम कोर्टानं त्या कायद्याचा विचार व्हायला पाहिजे म्हटलं.

खानापूरची_लेक
म्हणजे मी म्हणतेय तेच झालं ना. सौम्य झालं तर मागं जातं, कडक झालं तर नाही. फायदा आरोपीलाच. मेलेल्याच्या घरच्यांना ह्यात काहीच नाही.

कोर्टातली_ताई
हो, हा नियम आरोपीसाठीच आहे. ते लपवायचं कारण नाही, कारण समोर उभं असतं ते सरकार, पीडितांचं घर नाही. घरच्यांचा भरपाईचा क्लेम वेगळ्या ट्रिब्युनलमध्ये चालतो आणि तिथं ड्रायव्हरला दोन वर्षं लागली का पाच ह्यानं रकमेत एक रुपयाचा फरक पडत नाही.

संकेश्वरचे_गुरुजी
मग सरकारला एक करता आलं असतं. नवा कायदा करतानाच लिहायचं की तो 1 जूनपासून लागू होता असं मानावं. म्हणजे जूनची धडक पण त्यात आली.

कोर्टातली_ताई
हे झालंय गुरुजी, 1949 साली. विंध्य प्रदेशचे मंत्री शिवबहादूर सिंग, पन्नाच्या हिऱ्याच्या खाणीसंबंधी लाच घेतल्याचा आरोप. वटहुकूम काढला सप्टेंबर 1949 मध्ये आणि तो ऑगस्ट 1948 पासून लागू होता असं मानायचं ठरवलं. सुप्रीम कोर्टानं 1953 ला सांगितलं की कृत्याच्या दिवशी खरोखर अस्तित्वात असलेला कायदा बघायचा, मागनं मानून घेतलेला नाही. तरी ते सुटले नाहीत, कारण तिथं आधीपासून लागू असलेल्या कायद्यातही तो गुन्हा होताच. आपल्या केससारखंच आहे, जुना कायदा पुरेसा असतो, फक्त शिक्षा जुन्या मापाची.

चिक्कोडी_बॉय
मग माझी दुसरी शंका. काका गेले त्या दिवशी आयपीसी रद्द झाली होती. गुरुजी म्हणतात तसं गुन्हा त्या दिवशी पुरा झाला, तर रद्द झालेल्या कलमाखाली चार्ज कसा लावणार? नवं मागं जात नाही, जुनं राहिलं नाही. ड्रायव्हरचा वकील हेच बोलणार बघा.

कोर्टातली_ताई
बोलेल, आणि इथं वाद घालायला खरंच जागा आहे. न्याय संहितेच्या 358 मध्ये आयपीसीखाली आलेली जबाबदारी आणि शिक्षा शाबूत ठेवली आहे. ती जबाबदारी धडकेच्या वेळीच आली का मृत्यूच्या वेळी, ह्यावर दोन वकील दोन बाजूंनी बोलू शकतात. पण समजा कोर्टानं मृत्यूची तारीख धरून न्याय संहितेच्या पाच वर्षंवाल्या 106(1) खाली चार्ज ठेवला, तरी शिक्षा देताना दोन वर्षांच्या पुढं जाता येणार नाही असंच मी मांडीन. कलकत्त्याच्या केदारनाथ बजोरियाच्या केसमध्ये 1953 सालीच हे झालंय. गुन्हा 1947 चा, 1949 च्या कायद्यानं स्पेशल कोर्ट आणलं आणि शिवाय गुन्ह्यातनं मिळवलेल्या रकमेइतका जादा दंड ठेवला. स्पेशल कोर्टात चालवलेला खटला ग्राह्य धरला, जादा दंड तेवढा रद्द झाला.

म्हणून पुतण्या, 106(1) साठी हट्ट धरून काही मिळणार नाही, उलट आरोपीला पुढं अपिलात बोलायला मुद्दा मिळेल आणि केस लांबेल. त्यापेक्षा सरकारी वकिलांना भेटा. धडक आणि मृत्यू ह्यांचा संबंध पीएम रिपोर्टमध्ये नीट आलाय का बघायला सांगा. आयसीयूत इतके दिवस काढल्यावर बचाव पक्ष नेहमी म्हणतो की मृत्यू इन्फेक्शननं झाला, धडकेनं नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागेल, ते राज्याबाहेरचे, समन्स वेळेत जात नाही आणि तिथंच अशा केसेस पडतात.

निपाणीचा_पुतण्या
पीएम रिपोर्टमध्ये डोक्याच्या मारामुळं असं लिहिलंय, पण आयसीयूचे कागद अजून चार्जशीटला लागलेले नाहीत, ते बघतो. मत माझं अजून तेच आहे ताई, गेलेला माणूस जुलैत गेला आणि त्याच्या जिवाची किंमत जूनच्या कायद्यानं धरायची हे मला मान्य नाही. चार्ज अजून फ्रेम व्हायचाय, त्या दिवशी सरकारी वकिलांना दोन्ही गोष्टी बोलायला लावणार.

संकेश्वरचे_गुरुजी
बोल, बोल. मी पण येतो त्या तारखेला.